आधी आक्का, मग अधीक्षक

मी निरोपाच्या भाषणाची सुरुवात बोलतेय. भाषण नव्हे हं, नुसती सुरुवात. ‘सन्माननीय अधीक्षक महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, त्यांचे कुटुंबीय आणि जमलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो’, एवढीच मी. माझ्यानंतर कौतुक येतं, आठवणी येतात, डोळ्यांना रुमाल लागतात. मला मात्र कुणी मोजत नाही. माझ्या वेळी लोक खुर्च्या सरकवतात, खोकून घेतात, शेजारणीला ‘चहा कधी आहे?’ असं विचारतात.

माझा जन्म कुणाच्या तोंडून झाला ते मला माहीत नाही. मला समजू लागलं तेव्हा मी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होते, तिथल्या साहेबांच्या जिभेवर. साहेबांना मी आधीच्या साहेबांकडून मिळाले. कुणीही निवृत्त होवो, जेवणघरातली टेबलं भिंतीला लावायची, लाकडी चौथरा मांडायचा आणि मला बाहेर काढायचं.

मी दिसते साधी, पण माझ्यात मानापमान ठासून भरलेत. आधी हुद्द्याने मोठा, मग पाहुणे, मग सत्कारमूर्ती, मग तिच्या घरचे आणि शेवटी सगळे. एकदा साहेब खात्यांची नावं घेता घेता बॉयलर विसरले. बॉयलरवाल्याने चहाला हात लावला नाही आणि पुढे कित्येक दिवस साहेबांच्या नमस्काराला नुसतं ‘हं’ केलं.

आणि खरं सांगू? मी काहीच सांगत नाही, हाच माझा उपयोग. ऐकणाऱ्याला माझे शब्द पाठ असतात. तेवढ्या वेळात तो बोलणाऱ्याच्या आवाजाशी ओळख करून घेतो, मान वळवतो, नीट बसतो. मी नसते तर पहिली आठवण गोंगाटातच वाहून गेली असती. पण हे मला स्वतःलाही उशिराच कळलं, आक्कामुळे.

आक्का इस्त्रीच्या रोलरवर होती. तापलेल्या रुळांतून चादर बाहेर आली की एका टोकाला आक्का आणि दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण. टोकं जुळवायची, पुढे यायचं, घडी हातात द्यायची, पुन्हा मागे. दोघींचं सगळं आयुष्य त्या चादरीच्या दोन टोकांवर गेलं. यंत्रांचा असा घरघराट की ओरडून उपयोग नाही. म्हणून तिथली रीत ठरलेली. आधी समोर यायचं, हात वर करायचा, नजर मिळाली की मगच तोंड उघडायचं. ओठ बघूनच तिथे भांडणंसुद्धा होत.

त्या घरघराटाने आक्काचे कान हळूहळू नेले. यंत्रांजवळ कुणाला पत्ता लागला नाही, कारण तिथे सगळेच बहिरे. पंचाईत झाली ती बाहेर. मागच्या एका समारंभात साहेबांनी माईक तोंडाशी धरून, वारलेल्या एका सहकाऱ्याची आठवण काढली. साहेब थांबले, आक्काला वाटलं बोलणं संपलं आणि तिने टाळ्या वाजवल्या. एकटीने. सगळं जेवणघर तिच्याकडे वळलं. त्या दिवसापासून तिने जेवणघरात येणंच सोडलं.

आता तिच्याच निरोपाची वेळ आली.

“मी येणार नाही,” तिने जोडीदारणीला सांगितलं. “निरोपाचं घड्याळ घरी पाठवून द्या म्हणावं.”

“अगं, कानात यंत्र घालून ये ना.”

“त्या जेवणघरात यंत्राने सगळा काला होतो. भांडी, खुर्च्या, माईकची शिट्टी, सगळं एकदम. माझ्याच कौतुकात मी नको तिथे हसेन. लेक समोर बसलेली असेल, तिच्यासमोर माझी शोभा नको.”

जोडीदारणीने पुढची चादर हातात घेतली. धुलाईखान्याच्या वतीने तिलाच बोलायचं होतं. आयुष्यात ती कधी चौथऱ्यावर चढली नव्हती. मग तिने हातातली चादर तशीच ताणून धरली आणि मला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न काढता आक्काला म्हणून दाखवलं.

“कळलं?”

“हे तर पाठच आहे. पण घाई करू नकोस. आणि मध्येच दुसऱ्या कुणाकडे वळलीस की मी बुडाले.”

“नाही वळणार. ये तू.”

साहेबांना तिने सांगितलं की ती आधी आक्काचं नाव घेणार. साहेबांचा चेहरा उतरला. “अहो बाई, अधीक्षक आधी! मग घ्या कुणाचं घ्यायचं ते. उगाच माझ्या डोक्याला ताप नको.” ती वळून रोलरकडे चालू लागली.

समारंभाच्या दिवशी सगळ्यात आधी साहेब उठले. माईक ओठांना टेकलेला, पाठीमागे उजेडाची मोठी खिडकी. आक्काला चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख दिसत असणार. ती तोंडावर हसू चिकटवून बसली होती आणि कधी टाळी वाजवायची ते शेजाऱ्यांच्या हातांकडे बघून ठरवत होती. माझे सगळे शब्द तिच्यावरून निघून गेले. मला इतकं पोकळ कधी वाटलं नव्हतं.

मग जोडीदारणीला बोलावलं. ती चौथऱ्यावर चढलीच नाही. आक्काच्या समोर आली, उजेड स्वतःच्या तोंडावर पडेल अशी वळली, माईक छातीशी खाली धरला आणि हात वर केला. तशीच थांबली. लोकांना वाटलं, बाई घाबरली. साहेबांनी बाजूने “बोला, बोला” केलं. ती थांबलेलीच.

आक्काने मान वर केली. नजर मिळाली.

“आक्का,” ती म्हणाली. पुढचा शब्द लगेच नाही. “आज तुझा निरोप आहे.” मग हात लेकीकडे केला. आक्काने लेकीकडे पाहिलं आणि नजर परत वळवली, तेव्हा कुठे पुढचे ओठ हलले: “आणि आक्काची लेक.” मग हात अधीक्षक बाईंकडे: “सन्माननीय अधीक्षक महोदया.” मग इस्त्री, धुलाई, शिवण, बॉयलर. आधी हात, मग नजर, मग शब्द. माझी रांग पार उलटीपालटी झाली. साहेब रुमालाने मान पुसत होते. अधीक्षक बाईंनी मात्र आपली खुर्ची उचलून बाजूला घेतली, आक्काला सगळे दिसावेत म्हणून.

आणि माझ्या वेळी कधी नव्हे ते कुणी खोकलं नाही. मी संपले तेव्हा आक्काच्या तोंडावरचं चिकटवलेलं हसू गळून पडलं होतं आणि ती नीट, सावकाश रडत होती. जोडीदारणीच्या पुढच्या भाषणात ती हसायच्या जागी हसली. तिची लेक तिच्याकडेच बघत राहिली.

शेवटी आक्का आभार मानायला उठली. स्वतःचा आवाज तिला कळत नव्हता. पहिला शब्द एवढा मोठा गेला की माईक किंचाळला. जोडीदारणीने तळहात हळूच खाली केला, तसा तिचा आवाज खाली आला. अधीक्षक, साहेब, खाती, लेक, सगळ्यांना तिने हात करून घेतलं. बॉयलरवाल्यालाही. मग ती जोडीदारणीकडे वळली आणि तिचा आवाज बंद झाला. फक्त ओठ हलले, रोलरजवळ हलायचे तसे. माईकमध्ये काही आलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले, साहेब माईकची वायर तपासू लागले.

जोडीदारीण मोठ्याने हसली, मग तिने पदर तोंडाला लावला.

मी आता पुन्हा साहेबांकडे असते. रांगही पूर्वीचीच आहे. पण बोलण्याआधी साहेब माईक खाली घेतात आणि समोर कोण बसलंय ते बघून घेतात. तुम्हीही कधी निरोपाला उभे राहाल. मला उरकू नका, एवढंच मागते. आणि त्या दिवशी आक्का नुसत्या ओठांनी काय म्हणाली, ते मला ठाऊक आहे, कारण तोही माझाच तुकडा होता. ती म्हणाली, “आणि तू गं, आता चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?”