फोटोतला साज

गुजरीत, सराफांच्या पेठेत, अमरसिंह शेठच्या पेढीवर पूर्णिमा कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाच्या फोटोवर दागिने चढवून दाखवायची. घ्यायच्या आधी कसं दिसेल ते कळावं, एवढ्यासाठीच.

जयसिंगपूरच्या रुद्रेशनं बायकोचा, शांभवीचा फोटो पाठवला. साज आणि झुमके हवे होते. पूर्णिमानं पेढीच्या फोटोतून साज कापून घेतला, गळ्याच्या उताराप्रमाणे वाकवला, झुमक्याचा केसांआड जाणारा भाग पुसला. शांभवीवर उजेड डावीकडच्या खिडकीतून पडत होता, साजावरची चमक मात्र उजवीकडची. साज उलटवला असता तर त्यातल्या सोन्याच्या पानांचा ठरलेला क्रम बदलला असता, म्हणून तिनं चमक नव्यानं रंगवली. सोन्यात साडीची हिरवी झाक आणली, कातडीवर पुसटशी सावली टाकली.

रुद्रेशनं फोटोवरचा 'नमुना' हा शिक्का काढून मागितला. पूर्णिमा नको म्हणाली. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक मोठं आहे, देऊन टाक. तिनं दिला. रुद्रेश मात्र खरेदीला फिरकलाच नाही.

काही महिन्यांनी शांभवी आईला, गंगव्वाला घेऊन पेढीवर आली. नवऱ्याच्या मारहाणीमुळं ती माहेरी राहत होती. पंचांच्या बैठकीत सासरच्यांनी तोच फोटो मोठा करून ठेवला होता. आम्ही घातलेलं सोनं घेऊन पळाली, ते परत द्या, असं त्यांचं म्हणणं. शांभवीनं साज कधी हातातही धरला नव्हता.

"माझी आईपण आता मला इचारती," ती म्हणाली, "खरं सांग, कुठं ठेवलंयस?"

गंगव्वा खाली बघत राहिली.

त्या गळ्यावरची सावली पूर्णिमानं किती जपून टाकली होती! शेठ कुजबुजले, घरच्या भानगडीत पेढी नको. आणि वर हसून म्हणाले, काम मात्र झकास झालंय, बैठकीतसुद्धा कुणाला शंका आली नाही. तिला त्या हसण्याची किळस आली.

तिनं मूळ फाईल उघडून साजाचा थर बंद केला, मग झुमक्यांचा. पडद्यावर काळ्या मण्यांच्या पोतीतली शांभवी उरली. गंगव्वानं लेकीचा हात धरला.

पुढच्या बैठकीला पूर्णिमा लॅपटॉप घेऊन गेली. पंचांसमोर तिनं थर लावले, काढले, रुद्रेशचा शिक्का काढून मागणारा मेसेज वाचला. रुद्रेश म्हणाला, "हौस म्हणून करून घेतलं हुतं की." त्याचा बाप चहा पीत राहिला. एका पंचानं तर तिलाच विचारलं, आमच्या सुनेचापण असा करून देशील काय?

सासरच्यांनी सोन्याची मागणी तिथंच सोडली. शांभवीची माफी कुणी मागितली नाही.

पूर्णिमानं पेढीवर सांगून टाकलं, शिक्क्याशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही, नाहीतर दुसरं माणूस बघा. शेठ तोंड वाकडं करून कबूल झाले. कामाला बसल्यावर एखादा साज गळ्यावर हुबेहूब बसला, की तिला पूर्वी बरं वाटायचं. आता ती उठून तोंड धुऊन यायची.