साडेपाचची रिकामी वेळ

धाकट्या भावाच्या सलूनचा व्हिडिओ थोरल्याने सकाळपासून तीनदा पाहिला होता. ‘एका कटिंगमध्ये दहा वर्षांनी तरुण!’ आणि खाली कौतुकाचा पाऊस. कात्री धरायला त्याला थोरल्यानेच शिकवलं होतं, म्हणून पोटात जास्तच दुखत होतं.

दुपारी थोरल्याच्या सलूनमध्ये कानांवर केस आलेले एक मास्तर खुर्चीत बसले. त्यांना विचारून थोरल्याच्या बायकोने व्हिडिओसाठी मोबाइल धरला.

“कटिंगच्या आधीचं घेताना दिवा बंद कर,” थोरला म्हणाला. “मास्तर, जरा तोंड पाडून बसा.”

“काही नको,” बायको म्हणाली. “दिवा तोच, खुर्ची तीच. अहो, तुम्ही केस कापता, वय नाही.”

थोरला धुमसतच कामाला लागला. बाजूचे केस मशीनने बारीक केले, वरचे कात्रीने हलके केले, मानेवरची कड वस्तऱ्याने साफ केली. व्हिडिओत मास्तर मास्तरच दिसत होते, फक्त नीटनेटके. बायकोने खाली लिहिलं, ‘आज साडेचार आणि साडेपाच रिकामे. फोन करून वेळ घ्या.’

पहिला फोन धाकट्याचाच आला.

“दादा, साडेपाच मला दे. इथे जो तो तरुण करून मागतोय, नाही झाला की भांडतोय. डोकं उठलंय. माझे केस तूच काप.”

थोरल्याने ‘साडेपाच’ काढून टाकायला लावलं. जिवाला गार वाटलं. पण संध्याकाळी धाकट्याच्या दाट केसांत कंगवा अडकला, तेव्हा स्वतःच्या टकलावरून हात फिरवत तो पुन्हा जळफळला.