बुधवारचं पान

मशीनमध्ये कापड अडकलेलं होतं. बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी ती शिवत होती, सुई खाली आली आणि खालचा दोरा गुंतला. उद्या बघते म्हणाली. तेव्हापासून अकरा आठवडे तो निळा झगा तसाच सुईखाली होता. ओढावा तर फाटणार, कापावा तर तिची शिवण तुटणार. मी त्या खोलीत जायचो आणि परत यायचो.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर उपाय शोधताना एक पान सापडलं. कुणीतरी हेच विचारलं होतं, कुणीतरी उत्तर दिलं होतं. अर्धं वाचलं, तेवढ्यात प्लंबर आला. मी कॉम्प्युटर बंद करून नळाकडे गेलो. तीन दिवसांनी दाढी करताना त्यातलं एक वाक्य आठवलं. "मशीनशी भांडू नका, आधी सुई बदला." वस्तरा हातातच राहिला. बायको अगदी असंच बोलायची. घरात निदान शंभरदा ऐकलंय मी. ते उत्तर हिनं लिहिलं असेल का? पान पुन्हा बघितल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

चार दिवस नुसता शोधत होतो. शेकडो पानं निघाली, ते नाही. शेवटी मुलीला फोन केला. ती एका ऑफिसात लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवते. लिंक ठेवली नाहीस ना, म्हणाली, आमचे साहेबही असंच करतात, पान मिटतात आणि मग माझ्या नावानं ओरडतात. कंट्रोल आणि एच एकदम दाब म्हणाली. दाबलं. मी उघडलेल्या सगळ्या पानांची यादी आली, दिवसवार, वेळेसकट. वर शोधायची चौकट होती. त्यात मी ते वाक्य टाकलं. काही मिळालं नाही.

"बाबा, ती चौकट पानाचं नाव आणि पत्ता एवढंच बघते. आत काय लिहिलंय ते तिला कळत नाही. नाव आठवतंय?"

नाव कुठलं आठवायला. "मशीन" टाकलं तर पन्नास ओळी आल्या. बहुतेक गेल्या चार दिवसांतल्या, माझ्याच धडपडीच्या. शोधून शोधून मीच कचरा करून ठेवला होता.

"मग वेळेवरून जा. वाचत होतास तेव्हा काय झालं होतं?"

प्लंबर, म्हणालो. कुठल्या दिवशी ते सांगता येईना. माझे सगळे दिवस सारखेच. ती म्हणाली, त्यानं खालून फोन केला असेल तर मोबाइलमध्ये बघ. केला होता, कितवा मजला विचारायला. बुधवार, चार वाजून वीस मिनिटं.

चौकट रिकामी केली आणि यादी खाली सरकवत गेलो. सोमवार, रविवार, शनिवार. सकाळी बातम्या, हवामान. दुपारी हवामान. संध्याकाळी बातम्या, हवामान. आठवडाभर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि पाऊस येईल का ते दिवसातून तीनदा बघत होतो. पोरगी फोनवर थांबली होती. ही यादी तिला दिसत नाही याचं बरं वाटलं.

बुधवार आला. चार वाजून पाच मिनिटांनी माझा शोध. चार अकराला एक ओळ: "प्रश्नोत्तरे, विषय ४१८२". नावात ना दोरा ना मशीन. ती दाबली.

तेच पान होतं. उत्तराखाली नाव नव्हतं, नुसतं "एक शिवणारी". दोन वर्षांपूर्वीचं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. "कापड ओढू नका. दाबणारा पाय उचला, चाक हळूहळू मागेपुढे करा, सुई वर येईल. मग खालच्या दोऱ्याचं बॉबिन काढून तिथला गुंता तेवढा कापा. माझ्या मशीनच्या चाकाची मूठ तुटली तर घरच्यांनी सायकलची बसवून दिली. दिसायला वाईट आहे, पण हाताला बरी आहे."

ती मूठ मी बसवली होती. आवडली की नाही, हे तिनं मला कधी सांगितलं नाही.

"बाबा? सापडलं?"

"आईचंच आहे," म्हणालो.

ती नाक ओढत म्हणाली, वर ताऱ्याचं चिन्ह आहे ते दाब, आता हरवू नकोस.

तारा दाबला. मशीनकडे गेलो. पाय उचलला, सायकलची मूठ धरून चाक मागेपुढे केलं. सुई वर आली. बॉबिन काढलं, गुंता कापला. झगा सुटला, शिवण शाबूत. चार बोटं टीप राहिली होती. मला शिवता येत नाही.

घडी करून ठेवली. त्या खोलीत आता काही काम उरलं नव्हतं. परत कॉम्प्युटरपाशी बसलो, ते पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. संध्याकाळी यादी बघितली तर आजच्या दिवसात विषय ४१८२ नऊ वेळा होता. मध्ये एकदा हवामान.