बत्तीस श्वास

पंचफुलाबाईंना त्यांचे पती ग्यानोबा यांनी जीपमधून आणलं, तेव्हा सकाळचे अकरा दहा झाले होते. चार दिवस थंडीताप, लघवीला जळजळ, कंबर दुखणं. आज गुंगी.

"ताप तर कालच उतरला, डॉक्टरसाब. अंग गार हाय. नुसती अशक्ती राहिलीय बघा," ग्यानोबा म्हणाले.

मला ते पटलं. मी हदगावचा, लातूरला दोन वर्षं क्लास करून एमबीबीएसला लागलो होतो. तिथे प्रश्नाआधी पर्याय वाचायची सवय लागते. मुखेडकडच्या त्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन मला दोन महिने झाले होते. मी केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहायला घेतलं.

"प्रीतम सर, श्वास मिनिटाला बत्तीस," जेबा सिस्टर म्हणाल्या. त्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर पेशंटच्या छातीवर नजर ठेवून उभ्या होत्या. "नाडी एकशे अठ्ठावीस, बीपी ब्याऐंशी-शेहेचाळीस. अन् हे बघा." त्यांनी बाईंचं नख दाबून सोडलं. पांढरी पडलेली जागा गुलाबी व्हायला पाच सेकंद लागले; एरवी दोन पुरतात.

माझा पेन थांबला. ताप उतरला नव्हता, अंगच थंड पडत चाललं होतं. लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता. सेप्सिस.

"एकशेआठला फोन करा, नांदेडला पाठवू," मी म्हणालो. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे आम्ल, मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. अतिदक्षता विभाग नव्हता, व्हेंटिलेटरही नव्हता.

"फोन करते. पण गाडी येणार, मग दीड-दोन तासांचा रस्ता. पहिला मोलाचा तास रस्त्यातच जाईल, सर. जे इथं व्हतंय ते इथंच करू."

आवाज चढला नव्हता, आज्ञाही नव्हती. मी मान हलवली. ऑक्सिजन लावला. सिस्टरांनी दोन्ही हातांना जाड सुया लावल्या, दोन्ही पहिल्याच प्रयत्नात. साखर तपासली, ठीक होती. रक्तातले जंतू ओळखायच्या कल्चरची एकच बाटली शिल्लक होती, तिच्यात आधी रक्त घेतलं. औषधाची ॲलर्जी नाही हे ग्यानोबांना विचारून घेतलं, आणि अकरा बत्तीसला सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचे दोन ग्रॅम शिरेतून गेले. ती वेळ सिस्टरांनी केसपेपरवर ठळक लिहिली.

बाईंचं वजन पन्नासच्या आसपास, म्हणजे किलोला तीस मिलीच्या हिशेबाने दीड लिटर सलाईन. ते जोरात द्यायची पिशवी नव्हती. सिस्टरांनी जुन्या बीपी मशीनचा पट्टा बाटलीभोवती गुंडाळून हवा भरली.

"एवढं पानी कशाला?" ग्यानोबांनी घाबरून विचारलं.

सिस्टर हात न थांबवता बोलल्या, "दादा, जंतूंशी लढता लढता अंग सोताचंच नुकसान करून राहिलंय. रक्ताच्या नळ्या ढिल्या पडल्यात अन् झिरपून राहिल्यात. छातीतली मोटर जोरात पळतेय, पर दाब न्हाई. मेंदू, किडनी उपाशी. रक्त आंबट व्हतंय, म्हणून श्वास पळतोय. पानी नळ्या भरायला, औषध जंतू मारायला."

मला कुणी हे इतकं सोपं करून शिकवलं नव्हतं.

प्रत्येक बाटलीनंतर मी पाठीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसात पाणी साठू लागलं तर थांबायचं होतं. आवाज स्वच्छ होता. लघवीसाठी घातलेल्या कॅथेटरच्या नळीतून मात्र चहासारखी गडद, जेमतेम पंधरा मिली लघवी आली. तिसरी बाटली संपत आली तरी बीपी शहाऐंशी-अठ्ठेचाळीसवरच.

"आता नळ्या आवळायला लागतील," मी म्हणालो. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरॲड्रेनालिनचा एकच अँप्युल होता आणि पंप नव्हता. बारीक थेंबांच्या सेटने कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून ते सुरू केलं. सिस्टर थेंब मोजत, दर दोन मिनिटांनी हात सुजतोय का ते चाचपत बसल्या. मी बीपी घेत राहिलो. नव्वद. शहाण्णव. एकशे दोन.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"त्र्याण्णवला नवीन होते. भूकंपाच्या छावणीत ड्युटी. एक बाई, पायाला जखम, बसून बोलत होती. श्वास पळत होता, पण मी मोजला न्हाई. जखमा लई होत्या, तिला नंतरसाठी ठेवलं. संध्याकाळी गेली." त्यांनी थेंब मोजायचे सोडले नाहीत. "मग रजेच्या दिवशी डॉक्टरांकडं जाऊन विचारायची, हे असं का व्हतं. कुणी सांगायचं, कुणी हाकलायचं."

साडेबाराला पंचफुलाबाईंनी डोळे उघडले. "मालक, जेवलात का?" त्यांनी विचारलं. ग्यानोबा भिंतीकडे तोंड करून रडले.

बारा चाळीसला अँब्युलन्स निघाली. कल्चरची बाटली, वेळा लिहिलेला कागद आणि जेबा सिस्टर पंचफुलाबाईंसोबत गेल्या, कारण थेंब कुणीतरी मोजायलाच हवे होते.

नांदेडला सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत अडकलेला खडा निघाला. मागे पू तुंबला होता. त्याच संध्याकाळी नळी टाकून वाट मोकळी केली. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला. "इथं पोचायच्या आधीच औषध सुरू झालं नसतं, तर ही बाई ऑपरेशन टेबलापर्यंत आली नसती. छान केलंत."

"मी नाही, जेबा सिस्टरांनी," मी म्हणालो आणि केसपेपरवर काय लिहायला निघालो होतो तेही त्यांना सांगून टाकलं.

तेराव्या दिवशी पंचफुलाबाई स्वतःच्या पायांनी आमच्या वॉर्डात आल्या. ग्यानोबा माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वर उचललं आणि जेबा सिस्टर होत्या त्या ड्रेसिंगच्या खोलीकडे बोट दाखवलं.