दावतीची गोळी

हाफिजभाऊ चंद्रपुरातले नावाजलेले बावर्ची. दोन हजार चार साली त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून मी त्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन देतोय, तेही सगळ्यात मोठ्या डोसमध्ये. तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकशे चाळीस. मला ते सत्तरच्या खाली हवं होतं. वैतागून इझेटिमिब नावाचं दुसरं औषध जोडायला घेतलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"रोज काऊन? दावत असली का घेतो. मटनावर उतारा."

मी पेन खाली ठेवलं. "भाऊ, ही गोळी मटनाला हातही लावत नाही. तुमचं लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल शिजवतं, अगदी रमजानच्या उपासातसुद्धा. गोळी ती चूल मंद करते. मग लिव्हरला टंचाई पडते आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. चूल रोज पेटते, म्हणून गोळीही रोज."

बावर्चीच ते, चुलीचं लगेच पटलं.

दोन महिन्यांनी एलडीएल ब्याऐंशी आलं. रोज गोळी घेऊनही सत्तरच्या वर, म्हणून आता खरोखरच इझेटिमिब जोडलं. "ही गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल आत शिरू देत नाही."

हाफिजभाऊंचा चेहरा उजळला. "म्हणजे दावतीची हे."

"नाही. पित्तातूनही कोलेस्टेरॉल आतड्यात उतरतं. हीसुद्धा रोज."

"मंग दावतीत मी काय घेऊ?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, शमीमबाईंनी, दोन्ही पाकिटं पर्समध्ये टाकली.

"कांदा-काकडी घ्या. बोटी मले द्या."