साठ सेकंदांचा आनंदी बाजार

हेडफोनचा स्पंज ओलसर होता. आधीच्या उमेदवाराचा घाम त्यात मुरलेला होता आणि तोंडापुढच्या माइकला शिळ्या श्वासाचा वास येत होता. सोळा वर्षे वॉर्डात उलट्या, पू आणि भरलेली भांडी हाताळलेल्या सिस्टरला असल्या गोष्टींची किळस सहसा येत नसे. आज आली. तिने रुमालाने माइक पुसला, पण वास गेला नाही.

परदेशातल्या एका रुग्णालयाने तिची निवड केली होती. तिथली भाषा तिला वाचता-लिहिता उत्तम येत होती, ऐकून समजतही होती. अडत होते ते बोलण्यात. बोलण्याच्या परीक्षेत सात गुण हवे होते आणि आधीच्या दोन्ही वेळा सहावरच गाडी थांबली होती. नेमणूकपत्राची मुदत महिनाअखेर संपणार होती. म्हणजे ही शेवटची संधी.

परीक्षेतल्या चित्रवर्णनाच्या प्रश्नात ती दोन्ही वेळा बुडाली होती. पडद्यावर गजबजलेले एक चित्र येई. पाहायला तीस सेकंद आणि बोलायला साठ. ती डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून दिसेल ते सांगत सुटे. टोपी, कुत्रा, खिडकी, पुन्हा टोपी. चित्राच्या मध्यापर्यंत पोचण्याआधीच वेळ संपे.

म्हणून ती आणि तिची धाकटी जाऊ, जी इथे तिच्याच रुग्णालयात बालरुग्णांच्या वॉर्डात होती आणि जिलाही परदेशी जायचे होते, अशा दोघींनी मिळून क्लास लावला होता. क्लासच्या सरांकडे एक साचा होता. ‘हे एक अत्यंत जिवंत दृश्य आहे. सर्वत्र उत्साह आणि आनंद ओसंडून वाहत आहे. प्रत्येक जण आपापल्या कामात रमलेला आहे.’ अशी चाळीस सेकंदांची वाक्ये कोणत्याही चित्राला चालत. उरलेल्या वीस सेकंदांत चित्रातल्या चार वस्तूंची नावे घ्यायची. चित्र दुःखाचे निघाले तर, असे सिस्टरने एकदा विचारले होते. चित्र बघून कोण गुण देतं, वाक्यं ऐकून देतात, असे म्हणून सर हसले होते आणि सगळा वर्ग त्यांच्यासोबत हसला होता. तीही हसली होती. मग महिनाभर दोघी जावा भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती वाक्ये घोकत राहिल्या. साचा खोटा आहे हे तिला कळत होते. पण दोनदा तोंडावर आपटलेल्या माणसाला खोट्याचाही आधार वाटतो.

पडद्यावर चित्र आले.

भाजीबाजाराची गल्ली. मधोमध एक हातगाडी कलंडलेली. टोमॅटो रस्ताभर. गाडीच्या चाकाशी एक म्हातारी बसकण मारून घोटा धरून आहे, तोंड वेदनेने वाकडे. तिच्याकडे एक तरुण वाकलेला. दुसरा मोबाइल उंच धरून चित्रण करतो आहे. मागे दोन बायका पाठ फिरवून घासाघीस करताहेत, आणि उजवीकडून एक सायकलवाला टोमॅटोंच्या दिशेने येतो आहे.

तीस सेकंद उलटत होते. शेजारच्या पातळ फळीपलीकडे जाऊ आधीच बोलू लागली होती. तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता: अत्यंत जिवंत दृश्य. त्यापलीकडून एक पुरुषी आवाज: आनंद ओसंडून वाहत आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी: प्रत्येक जण आपापल्या कामात. सगळे एकाच चालीत, एकाच जागी श्वास घेत. कुणासमोर काय चित्र होते कोण जाणे.

बीप वाजला आणि सिस्टरचे तोंड आपोआप उघडले. “हे एक अत्यंत जिवंत दृश्य आहे. सर्वत्र उत्साह आणि आनंद ओसंडून वाहत आहे.”

हे म्हणताना तिची नजर म्हातारीच्या तोंडावर होती. शब्द तिला दुसऱ्याच्या थुंकीसारखे वाटले, वापरून झालेले. तिने बोलणे थांबवले. पडद्यावर उरलेल्या सेकंदांचा आकडा एकोणपन्नास होता.

“नाही, हे चुकलं,” ती म्हणाली. “इथे आनंद नाही. एका बाईला लागलंय.”

आता पुढे काय, याचा विचार करायला वेळ नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. पाळी बदलताना बावीस खाटांचा वॉर्ड दहा मिनिटांत पुढच्या सिस्टरच्या हवाली करण्याची सवय जिभेला होती. आधी एका वाक्यात सगळा वॉर्ड. मग सर्वांत गंभीर खाट: काय झाले, कुठे लागले, जवळ कोण आहे. मग आजूबाजूचे. शेवटी, पुढच्या तासाभरात कशावर लक्ष ठेवायचे. कुणी चादरींचे रंग सांगत बसत नाही.

हा गजबजलेला भाजीबाजार आहे आणि नुकतीच एक हातगाडी कलंडली आहे, असे तिने सांगितले. मधोमध जमिनीवर एक वयस्कर बाई घोटा धरून बसली आहे. बहुधा गाडीचा धक्का लागून पडली असावी. एक तरुण तिला हात देतो आहे, पण दुसरा मदतीऐवजी चित्रण करतो आहे. मागच्या दोन बायकांना यातले काही दिसलेलेच नाही. उजवीकडचा सायकलवाला थांबला नाही तर तो टोमॅटोंवरून घसरेल. तरुणाने घोटा न हलवता आधी डॉक्टरला बोलवावे, असे मला वाटते. तीन सेकंद उरले. तिने हेडफोन काढून ठेवला.

बाहेर फाटकाशी सर वही घेऊन उभे होते. कुणाला कोणते चित्र आले ते ते उतरवून घेत, पुढच्या तुकडीसाठी. जावेने लगेच सांगितले: शाळेच्या आवारात पाइप फुटला होता, मुलं भिजून रडत होती. मग तू काय बोललीस, असे सिस्टरने विचारले. जाऊ खाली बघत म्हणाली, “ताई, जे पाठ होतं तेच.”

सरांनी सिस्टरकडे वही वळवली. आठवत नाही, असे तिने सांगितले.

निकाल दहा दिवसांनी लागला. सिस्टरला आठ, जावेला पाच. पाठांतर कच्चं राहिलं, असे सरांचे जावेला उत्तर आले. त्याच आठवड्यात क्लासच्या दारावर सिस्टरचा चेहरा झळकला, हातभर मोठा, खाली आठचा आकडा आणि ‘आमच्या सूत्राची किमया’.

ती ड्यूटीवरून थेट तिथे गेली. सरांनी खुर्ची दिली, पेढ्यासारखे गोड हसले आणि अभिमानाने सांगितले की, तुमच्या फोटोमुळे बारा जणींनी नाव घातलंय. त्या बाराही आत बसल्या होत्या, बहुतेक परिचारिकाच. कोपऱ्यातला एसी गळत होता आणि दमट गालिच्याचा वास खोलीभर होता. सर्वत्र उत्साह आणि आनंद, त्या एका सुरात म्हणत होत्या.

“फोटो काढा,” सिस्टर म्हणाली. “मी तुमच्या साच्यावर पास झालेले नाही.”

“अहो सिस्टर, सुरुवात तर त्यानेच केली असेल ना?”

हे खरे होते, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त घाण वाटली. ती उठून आत गेली. फळ्यावर लावलेल्या चित्राकडे बोट दाखवून तिने बायकांना विचारले की, यात सर्वांत आधी कुणाकडे धावाल? सगळ्या वह्यांची पाने उलटू लागल्या. मग तिने सगळे सांगितले, खाटांचे, पाळीचे, एका वाक्याचे, गंभीर रुग्णाचे, परीक्षेतल्या म्हातारीच्या घोट्याचेही. सर दारात हाताची घडी घालून सौजन्याने ऐकत राहिले.

बोलून झाल्यावर तिने पाहिले. बाराही जणी भराभर लिहीत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने पेन थांबवून आदराने विचारले,

“मॅडम, ते घोटा न हलवण्याचं वाक्य पुन्हा सांगता? पाठ करायचंय.”