लाल शिक्क्याचा कागद

रुख्मा विधवा होऊन कामठ्याला माहेरी परतली, तेव्हा तिचा भाऊ गोवर्धन दहा वर्षांचा होता. आई नव्हती. भावाचं जेवणखाण, शाळा, पुढे लग्न, सगळं रुख्मानंच पाहिलं. म्हाताऱ्या बापानं, नंदलालनं, स्वतःच्या कमाईनं घेतलेली नऊ एकर धानाची जमीन होती. शेवटची चार वर्षं तो खाटेवर होता, आणि त्याचं उठवणं-बसवणंही तिच्याच हाती होतं.

मरायच्या आदल्या वर्षी नंदलालनं गावच्या शाळेतले भैयाजी मास्तर बोलावले आणि वहीच्या साध्या कागदावर लिहून घेतलं, की माझ्यामागे बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याखालची, तीन एकर धानाची बांधी रुख्माची, बाकी गोवर्धनची. शेजारचा उदाराम बसला होता. म्हाताऱ्यानं दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली, मग मास्तरांनी आणि उदारामनं त्याच्यासमोर साक्षीच्या सह्या केल्या. तो कागद रुख्मानं पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवला.

१९५७ च्या चैत्रात नंदलाल गेला. तेरवी झाल्यावर तिनं कागद गोवर्धनपुढे ठेवला. तिला अक्षरओळख नव्हती.

गोवर्धननं तो वाचला, उलटून पाहिला.

"बाई, याले ना स्टँप, ना शिक्का. कचेरीत कोनी हातात बी घेनार नाई."

"मंग काय करायचं?"

"मी तुले पक्का कागद करून देतो. गोंदियाले जाऊ."

दोन दिवसांनी दोघं गोंदियाला गेली. आधी एका नोटरी वकिलाकडे. गोवर्धननं स्टँपपेपरवर मजकूर तयार करून घेतला. रुख्मा म्हणाली, "त्यात बाबाचं नाव पायजे. बाबानं लिहून देल्लं, हे पायजे." कारकुनानं ते घातलं आणि तिला वाचून दाखवलं: 'वडिलांनी मृत्यूपूर्वी लिहून ठेवल्याप्रमाणे बोडीखालची तीन एकर जमीन माझी बहीण रुख्माबाई हिची असून ती तिला देण्यास मी बांधील आहे.' गोवर्धननं शपथ घेतली, सही केली. वकिलानं खाली गोल लाल शिक्का मारला. रुख्मानं तो शिक्का पदरानं वारा घालत वाळवला.

तिथून तो तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेला. तिथं दुसरा कागद तयार होता. साहेबांनी विचारलं, "हक्कसोडपत्र आहे. वडिलांच्या जमिनीतला सगळा हक्क भावाच्या नावे सोडता. मान्य आहे ना?"

तिनं भावाकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "जुना हक्क सोडल्याबिगर नवा कसा भेटंल? तुया नवा कागद तर तुयाजवळच आहे."

तिनं हो म्हटलं आणि अंगठा दिला. वडिलांचा साधा कागद गोवर्धनकडेच राहिला. वकिलाला दाखवायला घेतला होता, तो परत मागायचं तिच्या मनातही आलं नाही.

दीड वर्ष ती बोडीखालची बांधी आपली समजून राबली. मग एका सकाळी शेताच्या कडेला, धुऱ्यावर, एक अनोळखी माणूस दोरी टाकून जमीन मोजताना दिसला.

"काऊन मोजून राहिले भाऊ?"

"सौदा चालू आहे, बाई. गोवर्धन पाटलांची जमीन ना?"

ती तशीच घरी आली, लाल शिक्क्याचा कागद काढला आणि पायीच गोंदिया गाठलं. तहसील कचेरीसमोर मुन्नालाल अर्जनवीस बसत असे. तीस वर्षं लोकांचे दस्त लिहिलेला माणूस. त्यानं कागद दोनदा वाचला.

"ये तो शपथपत्र है, बाई. कोणाच्या नावात फरक पडला, जन्मतारखेचा दाखला हरवला, तिथं हे चालते. मी सांगतो ते खरं, एवढीच शपथ."

"पण शिक्का आहे ना नोटरीचा!"

"शिक्का म्हणते, गोवर्धन नावाचा माणूस माझ्यासमोर आला, त्यानं शपथ घेतली, सही केली. बस. जमीन एकाची दुसऱ्याले द्यायची तर बक्षीसपत्र, विक्रीपत्र, नाहीतर वाटणीपत्र लागते, अन् त्याची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय जमीन हलत नाही."

"मी एक अंगठा नोंदणीच्या कचेरीत बी देल्ला."

मुन्नालालनं लेखणी खाली ठेवली. "कशावर?"

तिनं सांगितलं. त्यानं शपथपत्राची घडी घालून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे तुमचा हक्क नोंदणीनं गेला, अन् हाती आलं शपथपत्र."

रुख्मा तिथंच खाली बसली. पुटपुटली, "बाबाचा कागद होता जी. पण त्याले स्टँप नोहता."

"मृत्युपत्र होतं? म्हाताऱ्यानं दोघांसमोर सही केली, दोघांनी त्याच्यासमोर केली?"

"होय."

"बाई, मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. नोटरी लागत नाही. नोंदणी केली तर बरं, नाही केली तरी चालते. तोच तुमचा पक्का कागद होता."

संध्याकाळी गोवर्धन ओसरीत पान लावत बसला होता. त्याची बायको धुरपता आत चुलीशी होती. रुख्मानं उभ्याउभ्याच विचारलं, "बाबाचा कागद कुठी आहे?"

"कोनता कागद?"

"गोवर्धन."

त्यानं मान वर केली नाही. "चुलीत टाकला. तवाच."

"तो चालत होता, हे तुले ठावं होतं?"

"मास्तरनं सांगतलं होतं." मग एकदम चिडून म्हणाला, "बाईच्या जातीले जमीन कायले पायजे? तुले घरात खायले भेटून राहिलं ना?"

आत धुरपताच्या हातची कढई वाजली, आणि थांबली. रुख्मा त्याच्याकडे बघत राहिली. हा मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा तिनं त्याला पाठीवर घेऊन कामठ्याहून गोंदियाचा दवाखाना गाठला होता. तो फसवून गेला यापेक्षा, तिला अक्षर येत नाही हे तो मनात धरून होता, ते तिला जास्त लागलं. त्याच रात्री ती आपली पेटी घेऊन उदारामच्या पडवीत राहायला गेली.

मुन्नालालनं तिला एका दिवाणी वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "हक्कसोडपत्र फसवून घेतलं म्हणून रद्द करायचा दावा करू. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, तुम्ही वेळेत आहात. आणि हे शपथपत्र टाकू नका. यानं जमीन मिळत नाही, पण वडिलांनी लिहून ठेवलं होतं, असं त्यानं स्वतः शपथेवर कबूल केलंय. मृत्युपत्र जळलं, तरी साक्षीदार जिवंत आहेत."

भैयाजी मास्तरांची बदली देवरीला झाली होती. रुख्मा बसनं तिथं गेली. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "त्यानं विचारलं होतं, चालते का म्हणून. मी हो म्हटलं. तुमच्यासाठीच विचारून राहिला असं वाटलं मले." साक्षीला यायचं त्यांनी कबूल केलं.

दाव्याची नोटीस निघताच सौदेवाल्यानं अंग काढून घेतलं. गोवर्धनचा वकील कोर्टात ते शपथपत्र वाचून त्याला तडजोड कर म्हणाला. १९५९ च्या पावसाळ्यानंतर गोवर्धन तडजोडीला आला. रुख्मानं एकच अट घातली: कोर्टातली तडजोड तर होईलच, पण बोडीखालची तीन एकर नोंदणीच्या कचेरीत बक्षीसपत्रानं लिहून दे. मजकूर मुन्नालालनं लिहिला आणि तिनं तो त्याच्याकडून शब्दन् शब्द वाचून घेतला. मग उदारामकडून पुन्हा.

गोवर्धननं सही केली, दोन साक्षीदारांनी केली, साहेबांनी दस्त नोंदवून घेतला. मूळ कागद आठवड्यानं न्यायला या, म्हणाले आणि पावती दिली. ती तिनं कनवटीला खोचली.

बाहेर गोवर्धनचं खाचर उभं होतं. तो बैलांच्या कासऱ्याशी चाळा करत म्हणाला, "बाई, चाल. धुरपतानं सैपाक करून ठेवला आहे."

"तू जाय."

"आता तर सारं झालं ना? जमीन भेटली तुले."

"भेटली," ती म्हणाली. "ती तुयासारखी फसवत नाई, हेच बरं."

खाचर निघून गेलं. धुळीतून ते दिसेनासं होईपर्यंत ती उभी राहिली, मग उदारामला म्हणाली, "बाजारात चाला. मले एक पाटी अन् पेन्सिल घ्याची आहे."